सरकारी परिपत्रक आणि आपल्या दुकानातील नोकरमंडळी

सरकारचे नवे परिपत्रक निघाले की आपण व्यापारी लोक कर-सल्लागाराला विचारतो, आपल्यापुरते समजून घेतो आणि दुकानातल्या मुलांना एवढेच सांगतो, "कर बदलला आहे, बघून बिल करा." वास्तविक गिऱ्हाइकासमोर उभी असतात ती मुले. काय बदलले, कोणत्या मालावर आणि कोणत्या दिवसापासून, हे त्यांना ठाऊक नसेल तर नुकसान आपलेच होते.

सप्टेंबर २०२५ मधील माझीच चूक सांगतो. तयार कपड्यांच्या जीएसटीचे दर बदलले तेव्हा मी गल्ल्याजवळ कागद लावला, "महाग कपड्यावर १८ टक्के." दुसऱ्याच दिवशी काउंटरवरच्या मुलाने ६,००० रुपयांच्या साडीवर १,०८० रुपये कर सांगितला. साडीवरचा कर बदललेलाच नव्हता, ३०० रुपयेच होता. गिऱ्हाईक उठून गेले. दोष मुलाचा नव्हता, माझ्या कागदाचा होता. तेव्हा असा कागद कसा तयार करावा, ते याच उदाहरणावरून पाहू.

पहिली गोष्ट, मूळ कागद हाती घ्यावा. जीएसटी कौन्सिलची बैठक ३ सप्टेंबर २०२५ रोजी झाली आणि वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी दर छापून आले. पण दर बदलतो तो अधिसूचनेने, आणि ती १७ सप्टेंबरला निघाली. केंद्रीय कराची अधिसूचना क्रमांक ९/२०२५. अंमल २२ सप्टेंबरपासून. म्हणजे तारखा तीन, पण नोकरांच्या कामाची एकच, २२ सप्टेंबर. कागदावर तीच मोठी लिहावी. आपण बोलताना सगळ्यालाच परिपत्रक म्हणतो, पण अधिसूचना दर ठरवते आणि परिपत्रक बहुधा तिचा अर्थ उलगडून सांगते. दोन्ही पाहावीत.

अधिसूचना वाचताना एक फसगत होते. केंद्राच्या कागदात फक्त केंद्राचा अर्धा हिस्सा छापलेला असतो. तेथे अडीच टक्के दिसले तर राज्याचे अडीच धरून पाच होतात. नऊ दिसले तर अठरा. आपल्या कागदावर एकूण दरच लिहावा.

दुसरी गोष्ट, जुना आणि नवा दर शेजारी ठेवून फक्त फरक शोधावा. पूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के व त्यावर १२ टक्के होते. आता नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के झाले. याचा अर्थ तीन गट पडतात. ९०० रुपयांच्या सदऱ्याला काहीच फरक नाही. २,४०० रुपयांच्या कुर्त्यावर पूर्वी २८८ रुपये कर होता, तो १२० झाला. ३,००० रुपयांच्या कोटावर ३६० होता, तो ५४० झाला. "कर वाढला" किंवा "कर कमी झाला" असे एका वाक्यात सांगणारा कागद चुकीचा ठरतो, तो यामुळेच.

तिसरी गोष्ट, जे बदलले नाही तेही लिहावे. ठाणातले कापड आणि साडी यांना ५ टक्केच आहे, किंमत कितीही असो. न शिवलेल्या सलवार-सूटाबद्दल नेहमी घोळ होतो. कापड कापून डब्यात घातले म्हणून तो तयार कपडा होत नाही, असे २७ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. त्यावरही ५ टक्केच. ही एक ओळ माझ्या कागदावर असती तर ते गिऱ्हाईक गेले नसते.

चौथी गोष्ट, मधल्या व्यवहारांचा निकाल लावून ठेवावा. भांडण तेथेच होते. समजा एकाने लग्नासाठी ६,००० रुपयांची शेरवानी ऑगस्टमध्ये सांगितली, २,००० रुपये बयाणा दिला आणि माल ऑक्टोबरमध्ये नेला. तो म्हणेल, सौदा जुन्या दराचा आहे. पण माल आणि बिल दोन्ही २२ सप्टेंबरनंतरचे, म्हणून कर १८ टक्के, ७२० च्या जागी १,०८० रुपये. बयाणा आधीचा असल्याने हे बदलत नाही. हे ३६० रुपये आपण सोसायचे की गिऱ्हाइकाकडून घ्यायचे, हे मालकाने आधी ठरवावे आणि बयाणा दिलेल्यांना आधीच कळवावे. काउंटरवरच्या मुलावर ते सोडू नये. उलट २२ च्या आधी विकलेला माल नंतर परत आला तर ज्या दराने बिल झाले त्याच दराने कर परत करायचा.

यानंतर कागद लिहावा, आणि तो विषयवार नव्हे तर माणसांच्या कामाप्रमाणे. माझा सुधारलेला कागद असा होता:

"सोमवार, २२ सप्टेंबर २०२५, दुकान उघडल्यापासून.

काउंटर: तयार कपडा एका नगाला २,५०० पर्यंत ५ टक्के, त्यावर १८. किंमत कराशिवायची, बिलावर दाखवलेली सूट वजा करून धरावी. २,७०० चा कुर्ता दहा टक्के सूट देऊन २,४३० ला गेला तर ५ टक्के. साडी, ठाणाचे कापड, न शिवलेला सूट: काही बदल नाही.

बिल करणारे: रविवारी रात्री दुकान बंद झाल्यावर संगणकात दर बदलावेत. माल केव्हा खरेदी केला ते पाहू नये, विक्रीचा दिवस पाहावा. १२ टक्क्यांचे एकही बिल निघू नये.

गोदाम: करासह किमतीची चिठ्ठी २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंत लावू नये. शनिवारपर्यंत अशा चिठ्ठ्या काढाव्यात.

बयाण्याचा माल व परत आलेला माल: मुनीमजींना विचारल्याशिवाय बिल करू नये."

गोदामाच्या ओळीचे कारण असे. २,५०० वर ५ टक्के धरले की २,६२५ होतात आणि १८ टक्के धरले की २,९५०. मधल्या किमतीचा हिशेबच जुळत नाही. २,७०० मधून ५ टक्के काढले तर मूळ किंमत २,५०० च्या वर जाते, १८ काढले तर खाली येते.

कागद लावून काम संपत नाही. मी प्रत्येकाला एक नग हातात देऊन बिल किती होईल ते विचारले. दोघे सुटीच्या नगावर चुकले. ती चूक गिऱ्हाइकासमोर झाली नाही, हा फायदा.

शेवटी एक सावधगिरी. १८ नोव्हेंबर २०२१ च्या अधिसूचनेने १ जानेवारी २०२२ पासून कापडावर १२ टक्के कर येणार होता. ३१ डिसेंबरला, अगदी आदल्या दिवशी, कौन्सिलने तो पुढे ढकलला. मी मात्र आठवडाभर आधीच चिठ्ठ्या बदलून बसलो होतो. म्हणून आपल्या कागदाच्या खाली अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि तो कागद लिहिणाऱ्याची सही असावी, अंमलाच्या आदल्या संध्याकाळी सल्लागाराला पुन्हा एकदा विचारावे, आणि नवा कागद लावताना जुना फाडून टाकावा. भिंतीवर दोन कागद राहिले की नोकर सोयीचा वाचतो. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर आपल्याजवळ अमानत आहे. तो कमी घेतला तर भरणा आपल्या खिशातून आणि जास्त घेतला तर तो आपल्या हक्काचा नाही.