दिवाळीची काच

चि. सायली,

मिठाईच्या दुकानाची दर्शनी काच दिवाळीसाठी रंगवायला घेतलीस, आणि रंग पुसायचा कसा हे पत्राच्या शेवटी विचारलंस. तो प्रश्न पहिला हवा, कारण काच साफ निघणार की नाही हे रंग कालवतानाच ठरतं. पोस्टर कलरमधला डिंक वाळल्यावरही पाण्यात सुटतो. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की प्लॅस्टिकचे कण एकजीव होतात आणि मग पाणी त्यांना सोडवू शकत नाही. ‘वॉटर बेस्ड’ हे शब्द दोन्ही डब्यांवर असू शकतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नकोस. काचेच्या कोपऱ्यात एक ठिपका लाव, रात्रभर वाळू दे आणि ओल्या बोटाने चोळ. बोटाला रंग लागला तर घे. पापुद्रा निघाला तर तो डबा बाजूला ठेव. चार चमचे घट्ट पोस्टर कलरला एक चमचा भांडी घासायचं लिक्विड घाल आणि हलक्या हाताने ढवळ, नाहीतर फेसाचे बुडबुडे काचेवर दिसतात. साबणामुळे रंग तुपकट काचेवरही सारखा पसरतो आणि पुढे पाणी लागताच ढिला होतो.

असा कच्चा रंग टिकेल का, असं मालक विचारतील. बाहेरून लावला तर परतीच्या पावसाची एक सर तो नेईल, हे खरं आहे. म्हणून आतून रंगव. मात्र आतून रंगवताना पहिला हात बाहेर दिसतो: पणतीची ज्योत आणि तिची कड आधी, ती वाळली की मागची पिवळी प्रभा. ‘शुभ दीपावली’ उलटं लिहावं लागेल. कागदावर ठळक लिहून तो बाहेरून, अक्षरं रस्त्याकडे ठेवून चिकटव आणि आतून दिसेल तसं गिरव. एक अडचण मात्र खरी आहे. काचेला आतून सन फिल्म असेल (चौकटीजवळ तिची कड दिसते), तर तिच्यावर रंग नको. तिथे बाहेरूनच रंगव आणि पाऊस आला तर पुन्हा हात मारायची तयारी ठेव.

चौकटीपासून दोन बोटं जागा सोड, कारण लाल रंग लाकडात आणि रबरी पट्टीत मुरतो आणि तिथून तो निघत नाही. पुसताना वरून पाणी ओतलंस तर तोच रंग ओघळून तिथे जाईल. खाली जुनी चादर टाक, कोमट पाण्याचा फवारा मार, दोन-तीन मिनिटं थांब आणि कडेकडून मध्याकडे फडकं ओढ. फडकं भरलं की बदल. पत्ती लवकर काम करते असं कोणीतरी सांगेल, पण टफन काचेवर कधी कधी बारीक खर असते. पत्तीखाली ती सुटून ओढली गेली की कायमचे ओरखडे पडतात. एखादा डाग राहिलाच तर ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं चिकटवून ठेव. शेवटी साध्या पाण्याने पुसून कोरडी कर आणि संध्याकाळी दुकानातले दिवे लागल्यावर बाहेरून बघ; साबणाचे पट्टे दिवसा दिसत नाहीत, तेव्हा दिसतात.

तुझा मामा