रात्री हात झटकावा लागतो तेव्हा



गेल्या पावसाळ्यात मी काशिमिऱ्याच्या एका पाड्यावर एका मावशींच्या घरी गेले होते. त्यांनी मला चहा दिला, पण स्वतःचा कप मात्र कोपऱ्यातल्या वेगळ्या फळीवरून काढला. ताटही वेगळे ठेवलेले दिसले. नातवाला त्या मांडीवर घेत नव्हत्या. मी कारण विचारले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “ताई, बोटं सुन्न पडतात. मला तो मोठा रोग लागलाय.”

मावशींचे वय बावन्न. सकाळी तीन घरची धुणीभांडी आणि संध्याकाळी घरी बसून इमिटेशन दागिन्यांच्या साखळ्या पकडीने जोडणे, असा त्यांचा दिवस. चार महिने त्यांनी कुष्ठरोगाच्या भीतीने कोणाला काही सांगितले नव्हते. पुढे निघाला तो मनगटातली नस दाबली जाण्याचा विकार, ज्याला डॉक्टर ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. आपल्या मंडळीतल्या कितीतरी भगिनींना हाच त्रास असतो, म्हणून तो नीट समजून घेऊ.

नस कोठे दाबली जाते

आपल्या मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. त्याची जमीन आणि भिंती लहान हाडांच्या, आणि छत म्हणजे एक जाड, न ताणला जाणारा पट्टा. या बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या म्हणजे स्नायुबंध जातात आणि त्यांच्या सोबतीने ‘मीडियन’ नावाची एक नस जाते. दोऱ्यांवरचे आवरण सुजले की जागा कमी पडते. हाड हलत नाही, छत ताणले जात नाही, त्यामुळे सगळा दाब मऊ नसेवर येतो.

ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग यांना संवेदना देते. करंगळी दुसऱ्या नसेवर चालते आणि ती नस या बोगद्यातून जातच नाही. म्हणून मी मावशींना कागदावर हाताची बाह्यरेषा काढून दिली आणि म्हटले, जिथे मुंग्या येतात तिथे पेन्सिलने रंगवा. त्यांनी साडेतीन बोटे रंगवली आणि करंगळी कोरी ठेवली. तेवढ्यावरूनच अर्धी गोष्ट कळली.

उरलेली अर्धी त्यांच्या रात्रीने सांगितली. दोनच्या सुमारास हात जळजळून जाग यायची. मग उठून बसायचे आणि थर्मामीटर झटकतात तसे हात झटकायचे. पाच मिनिटांत बरे वाटायचे. झोपेत आपण नकळत मनगट आत मुडपतो किंवा हात उशीखाली दाबतो. मनगट वाकले की बोगद्यातला दाब वाढतो आणि नसेचा रक्तपुरवठा कमी पडतो. हात झटकला, मनगट सरळ झाले की तो पूर्ववत होतो. म्हणून हा त्रास रात्री आणि पहाटे जास्त.

कुष्ठरोग नव्हे, हे कसे ओळखले

ही खात्री आपण घरी करायची नसते. ती डॉक्टरांनी करावी. पण फरक माहीत असावा. कुष्ठरोगात बहुधा त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असतो आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नाही. हातात पुष्कळदा करंगळीच्या बाजूची नस धरली जाते आणि कोपराजवळ ती जाड लागते. तिथला बधिरपणा हात झटकून जात नाही. मात्र क्वचित मीडियन नसही धरली जाऊ शकते, म्हणून अंगावरचे चट्टे आणि नसा तपासून घ्यायलाच हव्यात. मावशींच्या अंगावर एकही चट्टा नव्हता आणि नसा जाड नव्हत्या.

आणि समजा कुष्ठरोग निघाला असता, तरी ताट वेगळे करण्याचे कारण नव्हतेच. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची औषधे मोफत मिळतात आणि उपचार सुरू झाले की संसर्गाचा धोका लवकरच संपतो. मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी सर्वांत आधी नातवाला जवळ ओढले.

डॉक्टरांनी एक साधी चाचणी केली. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकांना टेकवून मनगटे खाली वाकवायची आणि एक मिनिट तसेच राहायचे. अमेरिकन शल्यचिकित्सक फॅलेन यांच्या नावाने ती ओळखली जाते. मावशींना वीस सेकंदांतच मुंग्या आल्या. मग रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासले, कारण मधुमेह किंवा थायरॉईडची कमतरता असेल तर हा विकार जास्त होतो. संधिवातात आणि गरोदरपणातही होतो. गरोदरपणातला बहुतेक वेळा बाळंतपणानंतर निवळतो. मावशींची साखर ठीक होती, थायरॉईड मात्र कमी निघाले आणि त्याची गोळी सुरू झाली.

मुंग्या करंगळीलाही येत असतील, मान वळवल्यावर हातभर कळ जात असेल, किंवा दोन्ही पाय आधी बधिर झाले असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. आणि एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो मनगटाचा प्रश्न नाही. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

पट्टा: साधा, पण नीट बांधलेला

पहिला उपाय म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, ज्याला दुकानात ‘रिस्ट स्प्लिंट’ म्हणतात. त्याच्या आत धातूची पट्टी असते. मावशींनी पहिला आठवडा तो वापरला आणि मुंग्या वाढल्या! त्या तो काढून टाकणारच होत्या. मी हातात घेऊन पाहिला तेव्हा दोन चुका दिसल्या. तयार पट्ट्यातली धातूची पट्टी मनगट मागे वाकवणारी होती, आणि त्यांनी तो पोत्याचे तोंड आवळावे तसा घट्ट बांधला होता. मनगट मागे वाकले तरी बोगद्यातला दाब वाढतो. फिजिओथेरपिस्टने ती पट्टी बाहेर काढली, हाताने दाबून सरळ केली आणि परत घातली.

पट्टा बरोबर बांधला आहे की नाही हे असे पाहावे. कोणाशी हस्तांदोलन करताना मनगट असते तितके ते सरळ असावे. पट्टा तळव्यावर बोटे दुमडण्याच्या रेषेच्या अलीकडे संपावा, म्हणजे मूठ मिटता येते. पट्ट्याखाली एक बोट सहज जावे. तो रोज रात्रभर घालावा, दुखेल त्या रात्रीच नव्हे. किमान सहा आठवडे दिल्याशिवाय उपयोग झाला नाही असे म्हणू नये. दिवसभर बांधून ठेवण्याची सहसा गरज नसते. त्याने हात अवघडतो.

कामाची बैठक

“काम बंद करा” असे मावशींना सांगणे म्हणजे चूल बंद करा असे सांगणे. म्हणून कामातल्या हालचाली बदलल्या. ओल्या चादरी पिळताना दोन्ही मनगटे जोराने वळतात. त्या आता चादर न पिळता दोरीवर निथळत टाकतात आणि उरलेले पाणी तळव्यांनी दाबून काढतात. घासणीचा हात वाकवून घासण्याऐवजी भांडे फिरवतात. पकडीच्या बारीक मुठीवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, त्यामुळे ती जाड झाली आणि कमी आवळावी लागते. साखळ्या जमिनीवर वाकून जोडण्याऐवजी पाटावर उंच घेतल्या आणि वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून बोटे उघडायची सवय लावली. मोबाईल मुडपलेल्या मनगटात धरून बघणाऱ्यांनीही एवढे लक्षात ठेवावे. अशा बदलांनी त्रास कमी होतो, पण जुनी दाबली गेलेली नस केवळ त्यांनी सुटत नाही.

शस्त्रक्रिया कधी

सहा आठवड्यांनी मावशींचा डावा हात शांत झाला. उजवा नाही. त्याच्या बोटांना आता दिवसाही बधिरपणा होता, ब्लाऊजचे हुक लागत नव्हते आणि जमिनीवर पडलेले नाणे उचलता येत नव्हते. डॉक्टरांनी दोन्ही तळवे शेजारी ठेवायला लावले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झाला होता. हीच धोक्याची खूण. नुसत्या मुंग्या म्हणजे नस तक्रार करते आहे. सततचा बधिरपणा आणि झिजलेला स्नायू म्हणजे ती मरू लागली आहे. कधी कधी बधिरपणा इतका वाढतो की रात्रीची वेदनाच थांबते आणि माणसाला वाटते, बरे झालो. ते बरे होणे नव्हे.

नसेतून संदेश जाण्याचा वेग मोजणारी चाचणी झाली. तिच्यात बारीक विजेचे धक्के देतात. उजव्या मनगटात संदेश फारच मंद निघाला. स्नायू झिजला नसता तर स्टिरॉइडचे एक इंजेक्शन बोगद्यात देऊन पाहता आले असते. त्याने काही आठवडे ते महिने आराम पडतो, पण अनेकांचा त्रास परत येतो. येथे थांबण्यात नुकसान होते, म्हणून शस्त्रक्रिया ठरली.

शस्त्रक्रिया म्हणजे बोगद्याचे छत असलेला तो पट्टा उभा कापून नसेला जागा करणे. बहुधा फक्त हात बधिर करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची. हलकी कामे लवकर जमतात, पण धुणे पिळण्यासारख्या जड कामाला चार ते सहा आठवडे लागतात. तळव्याच्या तळाशी दुखणे आणि पकडीतला अशक्तपणा काही महिने राहू शकतो. जंतुसंसर्ग किंवा नसेला इजा होण्याचा धोका कमी असतो, पण असतो. तो आधी विचारून घ्यावा. मावशींना मिळकत बुडण्याची धास्ती होती. तिन्ही घरी त्यांच्या सुनेने पाच आठवडे काम केले, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच रात्री त्या सकाळपर्यंत झोपल्या. बोटांच्या टोकांचा बधिरपणा मात्र महिन्यामहिन्याने कमी होतो आहे आणि अंगठ्याचा उंचवटा पूर्ण भरून येईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. चार महिने आधी आल्या असत्या तर कदाचित तोही वाचला असता.

आता त्या पाड्यावरच्या बायकांना हाताचे चित्र काढून देतात आणि रंगवायला सांगतात. पेन्सिल त्या उजव्याच हाताने धरतात.