प्रबंधाचा साप्ताहिक जमाखर्च

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका मुलाने आम्हांस विचारले, "सर, तुमचे पुस्तक कुठवर आले?" ते पुस्तक नसून गोवा विद्यापीठास सादर करावयाचा प्रबंध आहे, एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. खरे म्हणजे त्या दिवशी आम्हांसच ते ठाऊक नव्हते. घरी आमची धाकटी रोज रात्री विचारते, "बाबा, आयज कितलीं उतरां जालीं?" आणि तिला मात्र आकडा सांगावाच लागतो. या आकड्याची, तो ठेवण्याच्या रीतीची आणि त्याने आम्हांस एकदा कसे फसविले त्याची हकीगत येथे सांगावयाची आहे.

आमच्या प्रबंधाचा विषय पेडणे तालुक्यातील स्थलनामे हा आहे. मांद्रे, मोरजी, हरमल, कोरगाव, पार्से, धारगळ ही गावांची नावे तुम्हांस परिचित आहेत. परंतु प्रत्येक गावात वाडे, प्रत्येक वाड्यात शेते, आणि खाजन शेतीत बांद व मानस, यांनाही स्वतंत्र नावे असतात. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले, त्यानंतर सरकारी कागदांत काही नावे निराळ्या रूपाने शिरली; हरमलचे आरांबोल झाले ते सर्वांस माहीत आहे. शेताचे किंवा बांदाचे नाव मात्र पुष्कळदा कागदावर येतच नाही, ते माणसाच्या तोंडी राहते. आमची कथा पुढे या गोष्टीपाशीच येऊन अडणार आहे.

डिचोलीस शाळा, घर पेडण्यास आणि विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, अशी आमची त्रिस्थळी यात्रा. रोजचा हिशेब आम्हांस जमेना. सोमवारी उत्तरपत्रिका, मंगळवारी कोणाचे तरी बारसे, बुधवारी बस चुकलेली. म्हणून आम्ही आठवडा हे माप धरले. दर रविवारी दिवेलागणीनंतर दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखी एक लांब वही उघडावयाची आणि एक पान भरावयाचे. सोमवारी त्याची प्रत मार्गदर्शकांकडे जाते.

ही युक्ती आमची नव्हे. एकोणिसाव्या शतकात अँथनी ट्रॉलप नावाचा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीस होता. पुस्तक सुरू करताना तो आठवड्याआठवड्याने आखलेली एक दैनंदिनी तयार करी आणि रोज किती पाने झाली ते तीत मांडी. पान म्हणजे किती, हाही घोळ नको म्हणून त्याने एक पान २५० शब्दांचे ठरविले होते व तो शब्द मोजीत असे. त्याची सरासरी आठवड्यास सुमारे ४० पानांची, म्हणजे १०,००० शब्दांची होती. कधी ती २० पानांवर येई, तर एकदा ११२ पर्यंत चढली होती. हे सर्व त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितले असून ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. नोकरीच्या प्रवासात तो आगगाडीच्या डब्यात पेन्सिलीने लिही, हे वाचून म्हापशाच्या बसमध्ये उभे राहून जाणाऱ्या आम्हांस त्याचा थोडा हेवाच वाटला.

परंतु त्याचा आकडा उचलून आपल्या वहीत घालणे ही मोठी चूक ठरेल, आणि ती आम्ही प्रथम केली. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास चिकटतात. "घरासमोरच्या झाडाखालून" हे दोन शब्द झाले. इंग्रजीत तेवढेच सांगण्यास नऊ शब्द खर्ची पडतात. संगणक तर दोन मोकळ्या जागांमधील मजकुरास एक शब्द समजतो, त्यामुळे "शाळेतसुद्धा" हे जोडून लिहिले तर एक आणि तोडून लिहिले तर दोन. शुद्धलेखनाची एक सवय बदलली की काही न लिहिता आकडा वाढतो. यावर उपाय एवढाच की, आपली मोजण्याची रीत पहिल्या पानावर लिहून ठेवावी व मध्येच ती बदलू नये. हाताने लिहिलेल्या मजकुरासाठी आम्ही दहा ओळींतील शब्द मोजतो, त्यांची सरासरी काढतो आणि तिला ओळींच्या संख्येने गुणतो.

आपल्या पूर्वजांनी ही अडचण फार चांगल्या रीतीने सोडविली होती. जुन्या पोथ्यांच्या नकला करणारे लेखनिक शब्द मोजीत नसत, अक्षरे मोजीत. अनुष्टुभ् श्लोकात बत्तीस अक्षरे असतात. म्हणून मजकूर गद्य असला तरी बत्तीस अक्षरांचा एक "ग्रंथ" धरावयाचा आणि अखेरीस ग्रंथसंख्या लिहावयाची. समजा, पोथीची पत्रे १००, दोन्ही बाजूंस लेखन, बाजूस १० ओळी आणि ओळीत ४० अक्षरे. एकूण अक्षरे ८०,००० झाली, बत्तिसांनी भागता ग्रंथसंख्या २,५०० आली. लेखनिकाची मजुरीही पुष्कळदा यावरूनच ठरे. "अष्टसाहस्रिका" या बौद्ध ग्रंथाच्या नावात ही मोजणीच आहे. या रीतीत जोडाक्षर एकच अक्षर गणले जाते आणि शब्द जोडला काय, तोडला काय, हिशेब तोच राहतो.

आता आमचे पान. त्यावर पहिल्या रकान्यात त्या आठवड्यात नवे लिहिलेले शब्द, दुसऱ्यात खोडलेले, तिसऱ्यात निव्वळ वाढ आणि चौथ्यात प्रकरणाची एकूण शब्दसंख्या. खाली दोन ओळी: या आठवड्यात काय अडले, आणि पुढील आठवड्यात काय करावयाचे. नुसती एकूण संख्या लिहिणारे अनेक असतात. आमच्या मते दुसरा रकाना नसेल तर पान न लिहिलेले बरे, आणि का ते सांगतो.

पाण्याशी निगडित नावांचे दुसरे प्रकरण ८,००० शब्दांचे व्हावयाचे होते. ते आम्ही अकराव्या आठवड्यात आरंभिले. त्या आठवड्यात नवे शब्द २,१४०, खोडलेले ३१०, निव्वळ १,८३०. बाराव्यात नवे १,९००, खोडलेले २४०, निव्वळ १,६६०, एकूण ३,४९०. तेराव्या आठवड्यात नवे २,७६० आणि खोडलेले अवघे ९०! निव्वळ २,६७०, एकूण ६,१६०. आमचा आनंद गगनात मावेना. उरलेले १,८४० शब्द एका आठवड्यात उरकतील, असे आम्ही मार्गदर्शकांस मोठ्या दिमाखाने लिहून कळविले.

त्यांचे उत्तर दोन वाक्यांचे होते. "खोडलेले नव्वदच कसे? हे पान तुम्ही लिहिले की उतरविले?"

त्यांनी प्रकरण पाहिलेही नव्हते. त्यांनी केवळ दोन रकाने ताडून पाहिले होते. विचार करून लिहिणाऱ्यास खोडावे लागते. आमच्या आधीच्या दोन आठवड्यांत शंभर शब्दांमागे बारा ते पंधरा खोडले गेले होते, आणि येथे तीन. त्यांचा तर्क अचूक होता. त्या २,७६० पैकी १,९०० शब्द म्हणजे जमिनीच्या नोंदींतून उतरविलेली वाड्यांची यादी होती. त्यांत आमचे स्वतःचे एकही वाक्य नव्हते.

चौदावा आठवडा उत्तरपत्रिकांत गेला. त्या पानावर शून्य आहे, आणि शून्याचे पानही भरलेच पाहिजे, नाही तर पुढे सरासरी खोटी निघते. पंधराव्यात आम्ही ती यादी परिशिष्टात हलविली व आणखी ३०० शब्द काढून टाकले. नवे ३५०, खोडलेले २,२००, म्हणजे १,८५० ची घट, एकूण ४,३१०. वहीत उणे चिन्ह लिहिताना हात जड झाला खरा. प्रकरण मात्र त्याच आठवड्यात प्रथम वाचण्याजोगे झाले. सोळाव्यात निव्वळ ८७० ची भर पडून एकूण ५,१८० झाले. सहा आठवड्यांनी भागले असता आठवड्याची खरी गती सुमारे ८६३ येते. उरलेल्या २,८२० शब्दांस या गतीने तीन आठवड्यांहून थोडे अधिक, म्हणजे चार आठवडे धरावे लागले. ज्यास आम्ही एक आठवडा म्हटले होते त्याचे सत्य स्वरूप हे होते.

शब्दांचे हे झाले. याहून वाईट गोष्ट त्याच पानांच्या तळाशी होती. शापोरा नदीकाठच्या एका वाड्यावर खाजनात जन्म घालविलेले एक आजोबा राहत. भरतीचे पाणी आत घेणाऱ्या नि ओहोटीस बाहेर सोडणाऱ्या मानशींची, त्यांजवळच्या बांदांची व डबक्यांची जुनी नावे त्यांस पाठ होती. एकदा काजूच्या हंगामात त्यांनी आम्हांस सातआठ नावे सांगितली आणि म्हणाले, "मास्तर, सवडीने या, बांदावर चालत चालत सगळी सांगतो." अकराव्या आठवड्याच्या तळाशी आम्ही लिहिले: आजोबांकडे जाणे. बाराव्याच्या तळाशी तेच. तेराव्याच्या तळाशीही तेच, कारण यादी उतरविणे घरी बसून होत होते व त्याने आकडा वाढत होता, आणि बांदावर एक दिवस चालून कदाचित दोनशे शब्दही झाले नसते. चौदाव्यात उत्तरपत्रिका. पंधराव्या आठवड्यातील गुरुवारी ते वारल्याचे बसमध्ये कळले.

आमच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. जे मोजले जात होते ते आम्ही केले आणि जे मोजले जात नव्हते ते पुढे ढकलले. आता पाचवा रकाना आखला आहे: कोणास भेटलो, किती नावे मिळाली. शिवाय एक नियम केला आहे. पुढील आठवड्याच्या कामांत तीच ओळ दुसऱ्यांदा उतरवावी लागली तर ती तांबड्या शाईने लिहावयाची, आणि तिसऱ्यांदा लिहावयाची वेळ आली तर त्या आठवड्यात दुसरे काहीही लिहावयाचे नाही, प्रथम तेच काम करावयाचे. मार्गदर्शकही आता प्रथम तांबडी ओळ पाहतात, मग आकडे.

सतराव्या आठवड्याचे पान समोर आहे. नवे शब्द ४१०, खोडलेले ६०, निव्वळ ३५०, एकूण ५,५३०. पाचव्या रकान्यात: आजोबांच्या पत्नीस भेटलो, त्यांच्या मुलासमवेत बांदावर गेलो, मानशींची तीन नावे मिळाली. अडले काय, या ओळीत: मुलास आणखी दोन मानशी दाखविता आल्या, पण त्यांची नावे त्यास ठाऊक नाहीत.