सोमवारी नर लाव, आणि एकटी मादी लावू नकोस

पोरा, नेरूळ गावठाणातल्या परसात तू न्यूझीलंड व्हाइटच्या माद्या आणल्यास, चांगलं केलंस. पण पुस्तकातलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालणार नाही. मांसाच्या सशांवर काम करणारं सरकारी संशोधन केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरला आहे, थंड डोंगरावर. आपण खाडीच्या दमट हवेत. इथे मे तापला की नराचं बीज बिघडतं, आणि ते नीट व्हायला पुढे दीड-दोन महिने जातात. जूनमध्ये गार वाटलं तरी माद्या फळत नाहीत, ते यामुळेच. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत नर लावूच नकोस. त्या दिवसांत नराच्या पिंजऱ्यात बर्फ झालेली पाण्याची बाटली ठेव, म्हणजे तो तिला टेकून बसेल.

एक पक्कं धर: नर लावायचा तो सोमवारी, आणि एका दिवशी किमान तीन माद्यांना. मादी साडेपाच-सहा महिन्यांची, अडीच-तीन किलोची हवी. तिची योनी लालसर असेल तर ती तयार आहे, फिकट असेल तर थांब. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. उलटं केलंस तर ती आपल्या जागेसाठी त्याच्यावर धावून जाते. नर गुरगुरून एका अंगावर पडला की काम झालं. मादी लगेच काढ, संध्याकाळी पुन्हा एकदा दाखव. सशाच्या मादीत बीज सुटतं ते नर लागल्यावर, दहा-बारा तासांनी. म्हणून दुसऱ्या वेळेचा उपयोग होतो.

सोमवारच का, ते बघ. तिसऱ्या सोमवारी, म्हणजे चौदाव्या दिवशी, पोट हलक्या हाताने चाचप. द्राक्षाएवढ्या गोळ्या लागल्या तर गाभण. सतराव्या-अठराव्या दिवशीच केस उपटायला लागली तर बहुधा ती खोटी गाभण. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा सोमवार येतो. त्या दिवशी विण्याची पेटी ठेवायची: दीड फूट लांब, एक फूट रुंद, आत सुकं गवत आणि नारळाचा मऊ काथ्या. एकतिसाव्या दिवशी, गुरुवारी, माद्या वितात. एखादी दिवसभर पुढेमागे होते. पिल्लं पंचवीस दिवसांची झाली की पुन्हा सोमवार, पुन्हा नर. त्याच्या पुढच्या सोमवारी पिल्लं आईपासून तोडायची. उन्हाळा वगळून वर्षाला पाच विणी मिळाल्या तर समाधान मान. जास्त ओढशील तर मादी खंगते.

आता पिल्लांचं. रानातल्या सशाची पिल्लं केसाळ आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात. (त्याला पकडू नको, 1972च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.) आपल्या सशाची उघडी, आंधळी, पन्नास-साठ ग्रॅमची. पेटीबाहेर जाळीवर पडलं की पावसाळी रात्रीतही गारठून मरतं, कारण मांजरीसारखं तोंडात धरून परत न्यायची सशीला सवय नाही. गुरुवारी रात्री आणि पहाटे तू स्वतः बघ. गार पडलेलं पिल्लू मेलं म्हणून फेकू नकोस. हातात, मग कोमट पाण्याच्या पिशवीजवळ ऊब दे, अर्ध्या तासात हलतं का बघ.

मादी दिवसातून एकदाच, चार-पाच मिनिटं पाजते. म्हणून ती पिल्लांजवळ दिसली नाही तर घाबरू नकोस, पोटं बघ. पोट गच्च आणि कातडीखाली दुधाचा पांढरा पट्टा दिसला तर ठीक. कातडी सुरकुतलेली म्हणजे उपाशी.

इथेच तीन माद्यांचं गणित कामाला येतं. समज, एकीला अकरा झाली, दुसरीला सात, तिसरीला चार. सडं साधारण आठ. अकरांतली शेवटची तीन मागे पडतात आणि मरतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच अकरांतली तीन धष्टपुष्ट पिल्लं तिसरीकडे दे. कृश देऊ नकोस, ती बदल सोसत नाहीत. तिसरीला अर्धा तास बाहेर काढ, तिच्याच पेटीतल्या केसांनी पिल्लं चोळ, तिच्या पिल्लांत मिसळ. झाली आठ, सात, सात. एकटीच मादी व्याली असती तर ही तीन कुठे दिली असतीस?

विण्याच्या रात्री पाणी संपू देऊ नकोस. तहानलेली किंवा कुत्र्या-मांजराने घाबरवलेली मादी पिल्लं खाते. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाटीत ठेव, मुंग्या उघडी पिल्लं सोडत नाहीत. गवत ओलं झालं की लगेच बदल, पावसाळ्यात मुताच्या वाफेने पिल्लांचे श्वास बिघडतात.

प्रत्येक मादीच्या पिंजऱ्याला पुठ्ठा लाव: नर कधी, किती झाली, किती जगली. पहिलटकरणीने पिल्लं जाळीवर टाकली तर माफ कर. सगळं जागेवर असून सलग दोन विणी घालवणारी मादी मात्र ठेवू नकोस, आणि तिच्या पोटची पिल्लंही पैदाशीला धरू नकोस.