दोन संख्यांचा सर्वांत मोठा एक्सॉर

प्रश्न : अ‍ॅरेमधल्या कोणत्या दोन संख्यांचा एक्सॉर सर्वांत मोठा येतो, हे शोधायला प्रत्येक जोडी तपासावीच लागते का? सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या घेतली तर भागणार नाही का?

उत्तर : नाही भागणार. ६, ८, १४, १९, २० या संख्या घ्या. २० आणि ६ यांचा एक्सॉर १८ येतो, तर १९ आणि १४ यांचा २९. एक्सॉरला संख्येच्या आकाराशी देणेघेणे नसते. एकाच जागेवरचे बिट वेगळे असले की तिथे १ मिळतो, एवढेच. म्हणून जोडीदार बिटांवरूनच शोधायचा.

त्यासाठी ट्राय बांधतात. प्रत्येक संख्या डावीकडच्या बिटपासून एकेक पायरी खाली उतरवायची. ० आला तर एका फांदीने, १ आला तर दुसरीने. सुरुवातीचे बिट सारखे असलेल्या संख्यांची वाट तेवढ्यापुरती एकच राहते.

आता १९ साठी, म्हणजे १००११ साठी, जोडीदार शोधू. पहिला बिट १ आहे, तेव्हा ० ची फांदी हवी. ती आहे; तिच्याखाली ६, ८ आणि १४ आहेत. पुढे १ हवा, त्यामुळे ६ (००११०) गळतो. पुन्हा १ हवा, आता ८ (०१०००) गळतो. उरला १४, म्हणजे ०१११०. चौथ्या जागी ० हवा होता, पण १ चीच फांदी आहे, तिथे नाइलाज. शेवटी ० हवा, तो मिळतो. एक्सॉर १११०१, म्हणजे २९.

```
for b in range(30, -1, -1):
    bit = (x >> b) & 1
    if child[node][1 - bit]:
        res |= 1 << b
        node = child[node][1 - bit]
    else:
        node = child[node][bit]
```

वरच्या बिटसाठी एवढा हट्ट का, तर १६ हे ८, ४, २, १ यांच्या बेरजेपेक्षा, म्हणजे १५ पेक्षा मोठे. वरचा बिट सोडला तर खालचे सगळे मिळूनही तो भरून निघत नाही. त्यामुळे एकदा घेतलेली वाट मागे फिरून बदलावी लागत नाही. हाच शोध प्रत्येक संख्येसाठी करायचा आणि मोठ्यात मोठे उत्तर ठेवायचे. संख्या स्वतःलाच भेटली तर ० येतो, त्याने काही बिघडत नाही.

३१ बिटांच्या दोन लाख संख्यांच्या जोड्या सुमारे दोन हजार कोटी होतात; ट्रायमध्ये शोधायला ६२ लाख पायऱ्या पुरतात, आणि बांधायलाही जास्तीत जास्त तेवढ्याच.

घोळ होतो तो बहुधा बिटांच्या लांबीचा. ६ ला नुसते ११० म्हणून घातले, तर त्याचा पहिला १ थेट १६ च्या जागी जाऊन बसतो. पुढचे दोन शून्य धरून ००११० असेच घालायला हवे. चूक पकडायची तर पाच-सहा छोट्या संख्यांवर सगळ्या जोड्या तपासून येणारे उत्तर ट्रायच्या उत्तराशी ताडून पाहा. मात्र त्या संख्या मुद्दाम वेगवेगळ्या लांबीच्या घ्या. सगळ्या सारख्याच लांबीच्या असतील तर ही चूक दिसणारच नाही.