पॅड घ्यावेत की स्टँड?

प्रश्न : आमचं 7 किलोचं फ्रंट लोड मशीन तिसऱ्या मजल्यावर ड्राय बाल्कनीत आहे. कपडे पिळायला लागलं की खालच्या काकूंच्या घरात घरघर ऐकू येते. दुकानदार रबरी पॅड घ्या म्हणतो, घरचे म्हणतात चाकांचा स्टँड घेऊ. काय घ्यावं?

उत्तर : आज काहीच घेऊ नका. आधी रिकाम्या मशीनचे समोरासमोरचे तिरके कोपरे आळीपाळीनं दाबून बघा. मशीन डुगडुगलं, तर एक पाय अधांतरी आहे. ड्राय बाल्कनीची फरशी जाळीकडे उतरती असते. मीटरला 1 सेंटीमीटर उतार धरला, तरी मशीनच्या पुढच्या-मागच्या पायांत जवळजवळ अर्ध्या सेंटीमीटरचा फरक पडतो. पाय फिरवून लेव्हल बॉटलनं मशीन समतल करा आणि पायावरचं लॉकनट वर कसून घट्ट करा. ते ढिलं राहिलं, तर पाय पुन्हा हळूहळू फिरतो. मशीन नवीन असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत ना, तेही बघा.

एवढं करूनही खाली घरघर जात असेल, तर पॅड घ्या, पण ते दबणारे हवेत. ड्रम मिनिटाला 1200 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 20 धक्के. वजनाखाली पॅड 2-3 मिलिमीटर दबला, तरच हे धक्के स्लॅबमध्ये कमी उतरतात. पॅडची जाडी पट्टीनं आधी मोजा, मशीन ठेवल्यावर पुन्हा मोजा. फरकच पडला नाही, तर तो पॅड फक्त मशीन सरकू देत नाही. काकूंना त्याचा उपयोग शून्य. बाजारातल्या कडक वाट्या बहुतेक याच जातीच्या. उलट फार मऊ, स्पंजासारखा पॅड घेतला तर मशीनच झुलायला लागतं. चांगल्या पॅडवरही वेग वाढताना मध्येच काही सेकंद थरथर वाढते, ती चालायचीच. पॅड घातल्यावर मशीन पुन्हा समतल करावं लागतं, आणि खालची फरशी साबणाच्या पाण्यानं ओली नको, नाहीतर रबर घसरतं.

चाकांच्या स्टँडला मात्र माझा साफ नकार आहे. 60-70 किलोचं मशीन पातळ पत्र्याच्या उंच चौकटीवर चढवलं, की चौकटच वाजते. पाणी साठतं म्हणून उंची हवीच असेल, तर बिनचाकांचा, जाड चौकोनी पाइपचा, पाय घट्ट बसणारा बुटका स्टँड घ्या आणि पॅड त्याच्या खाली ठेवा.

शेवटी नाण्यानं फरशीवर टकटक करा. एखादी पोकळ वाजली, तर त्या फरशीवर मशीनचा पाय येऊ देऊ नका. बाल्कनी बाहेर काढलेल्या स्लॅबवर असेल, तर मशीन रेलिंगपासून दूर, आतल्या भिंतीकडे सरकवा, पण भिंतीला टेकवू नका. पाण्याचा पाइप कुठे ग्रिलला आपटत नाही ना, हेही बघा.