हाइमात म्हणजे कुठलं गाव?

तीर्थरूप आई-बाबांस,



रविवारी फोनवर ‘हाइमात’ या जर्मन शब्दाचा अर्थ मी घाईत ‘मायभूमी’ असा सांगितला. बाबा लगेच म्हणाले, “म्हणजे आता तुझी हाइमात जर्मनीच!” हसण्यावारी नेलं खरं, पण अर्थ मीच चुकीचा सांगितला होता. म्हणून हे पत्र.

मायभूमीत अख्खा देश येतो. हाइमात सहसा तेवढी मोठी नसते. एसटीत शेजारचा माणूस “गाव कुठलं?” म्हणून विचारतो ना, त्यातलं गाव म्हणजे हाइमात. राहत्या घराला इथं वेगळा शब्द आहे, ‘त्सुहाउझे’. गोटिंगेनमधली माझी खोली हे माझं त्सुहाउझे. एवढंच.

बाबा, तुम्हाला कागदपत्रांची आवड, म्हणून सांगते. 19व्या शतकात हा चक्क कायद्यातला शब्द होता. ज्या गावात तुमचा हाइमातचा हक्क, तिथून तुम्हाला कोणी हाकलू शकत नसे, आणि म्हातारपणी किंवा आजारपणात हाती काही नसलं तर त्याच गावानं पोसायचं. समजा, एखादी मोलकरीण दहा वर्षं शहरात राबली आणि अंथरुणाला खिळली, तर शहर तिला तिच्या हाइमातच्या गावी पाठवून देई. लग्न झालं की बाईची हाइमात नवऱ्याची. बव्हेरियात ही पद्धत 1916 पर्यंत टिकली. स्वित्झर्लंडच्या पासपोर्टवर तर आजही जन्मगाव नसतं, हाइमातचं गाव असतं, मग त्या माणसानं ते कधी पाहिलेलं नसलं तरी!

माझ्या घरमालकीणबाई ब्रेस्लाऊच्या. युद्धानंतर ते शहर पोलंडमध्ये गेलं, व्रोत्सवाफ झालं, आणि तिथल्या जर्मनांना बाहेर काढलं. बाई तेव्हा आठ वर्षांच्या. गोटिंगेनमध्ये त्यांचा जन्म गेला, तरी ‘आमच्या हाइमातमध्ये’ म्हणतात ते ब्रेस्लाऊलाच. माझ्या वर्गातली मैत्रीण मात्र हा शब्द टाळते. नाझींनी तो इतका वापरला की तिला तो उच्चारायलाही नको वाटतो. दोघींचंही मला पटतं.

मला आपली आजी आठवली. तिचं माहेर चंदगड. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड मुंबई राज्यात. ना आजी हलली, ना चंदगड हललं, मधे फक्त हद्द आली. ‘आमच्या गावाकडं’ म्हणताना ती कुठलं गाव धरायची, सासरचं की माहेरचं? आई, तुला नक्की माहीत असेल.

काल बाईंनी विचारलं, “तुझी हाइमात कुठली?” मी बेळगाव म्हणाले आणि मग आजीची गोष्ट सांगितली. त्यांना चंदगडचं घर बघायचंय. मामाकडं जुना फोटो असेल तर मोबाईलवर पाठवून दे. पडवी दिसेल असा.

तुमची,
ताई